चाळीस टक्के, सात टक्के की तेरा टक्के? एकाच गुंतवणुकीचे तीन परतावे

जून २०२५ मध्ये ऐरोलीहून वहिनींचा फोन आला. "भावजी, माझा म्युच्युअल फंड जेमतेम सात टक्के देतोय म्हणे. मोडून बँकेत ठेवू का?" मी विचारलं, सात टक्के कोण म्हणालं? तर पुतण्याने मोबाइलवर हिशेब करून सांगितलं होतं. गंमत म्हणजे फंडाच्या अ‍ॅपवर त्याच गुंतवणुकीपुढे चाळीस टक्के लिहिलं होतं, आणि खाली बारीक अक्षरात आणखी एक आकडा होता, १३.३८. वहिनींचं म्हणणं सरळ होतं: तिन्ही आकडे बरोबर कसे असतील? कुणीतरी फसवतंय.

फसवत कुणीच नव्हतं, पण पुतण्याचं उत्तर चुकलं होतं. रविवारी दोघं ठाण्याला आमच्याकडे आले, लॅपटॉप उघडला आणि जेवणाआधी सगळा हिशेब मांडून झाला. तोच इथे पायरी पायरीने देतो. आकडे गोल केले आहेत, म्हणजे हातानेही पडताळता येतील.

वहिनींची गुंतवणूक

एकाच फंडात तीनदा पैसे गेले. १० जून २०२० रोजी १ लाख, १० जून २०२२ रोजी १ लाख आणि १० जून २०२४ रोजी २ लाख. एकूण ४ लाख. १० जून २०२५ ला त्यांची किंमत ५ लाख ६० हजार. मध्ये एक रुपयाही काढला नाही.

अ‍ॅपवरचे चाळीस टक्के म्हणजे निव्वळ परतावा, इंग्रजीतला अ‍ॅब्सोल्यूट रिटर्न. नफा १ लाख ६० हजार, भागिले घातलेले ४ लाख. या हिशेबात काळ कुठेच नाही. हेच चाळीस टक्के सहा महिन्यांत मिळाले असते तरी चाळीसच दिसले असते, आणि पंधरा वर्षांत मिळाले असते तरीही.

ठाण्यात हा प्रकार जागेच्या गप्पांत नेहमी चालतो. आमच्या वडिलांनी २००५ साली कळव्याला १२ लाखांना घेतलेल्या जागेचा भाव २०२५ साली ९० लाख सांगतात. साडेसात पट, म्हणजे निव्वळ परतावा ६५० टक्के. ऐकायला डोळे दिपतात. पण वीस वर्षं विसरायची नसतील, तर वार्षिक चक्रवाढ वाढीचा दर काढायचा, ज्याला सगळे सीएजीआर म्हणतात. एक्सेलसारख्या शीटच्या कुठल्याही रिकाम्या चौकटीत हे लिहा:

```
=(9000000/1200000)^(1/20)-1
```

उत्तर येतं साधारण १०.६ टक्के. म्हणजे १२ लाख दर वर्षी १०.६ टक्क्यांनी चक्रवाढ पद्धतीने वाढत गेले, तर विसाव्या वर्षी ९० लाख होतात. वाईट नाही, पण ६५० ऐकून जे वाटलं होतं ते हे नव्हे. (यात मुद्रांक शुल्क, सोसायटीचा मेंटेनन्स, घरपट्टी धरलेली नाही आणि वाचलेलं भाडंही धरलेलं नाही. त्या वादात आमच्या घरी कुणी जिंकलेलं नाही.)

सीएजीआरची अट एकच आहे: पैसे एकदाच आत गेले आणि एकदाच मोजले. एक सुरुवात, एक शेवट. जागेच्या बाबतीत ती अट ढोबळमानाने पाळली जाते. वहिनींच्या बाबतीत नाही, आणि पुतण्या अडकला तो इथेच.

सात टक्के कुठून आले

त्याने ५.६ ला ४ ने भागलं, १.४ आले. पहिली गुंतवणूक २०२० ची म्हणून पाच वर्षं धरली आणि सूत्र लावलं. उत्तर ६.९६ टक्के. आकडेमोड अगदी बरोबर आहे, मोबाइलचा दोष नाही. फक्त हे उत्तर अशा माणसाचं आहे, ज्याने २०२० सालीच सगळे ४ लाख एकदम घातले. वहिनींचे २ लाख तर फंडात एकच वर्ष होते, आणि त्यांनाही त्याने पाच वर्षांच्या हिशेबात धरलं.

मी त्याला कंत्राटदाराच्या हजेरीपटाचं उदाहरण दिलं. एक मजूर पाच दिवस आला, दुसरा तीन दिवस, आणि शेवटच्या दिवशी दोघे नवे आले. चौघांनाही पाच दिवसांची मजुरी दिली तर चालेल का? पैशांचंही तसंच आहे. एक लाख पाच वर्षं हजर, एक लाख तीन वर्षं, दोन लाख एक वर्ष. लाखांना वर्षांनी गुणलं की ५ अधिक ३ अधिक २, एकूण १० हजेऱ्या. त्या चार लाखांत वाटल्या तर सरासरी अडीच वर्षं. म्हणजे पैसा सरासरीने पाच नव्हे, अडीच वर्षंच कामाला होता.

आता १.४ पट अडीच वर्षांत झाले असं धरून सूत्र लावलं, तर १४.४ टक्के येतात. हे उत्तर ढोबळ आहे, कारण चक्रवाढीत सरासरी काळ काढून हिशेब काटेकोर जुळत नाही. पण शीट न उघडता अंदाज घ्यायला हजेरीची ही युक्ती फार उपयोगी पडते. शीटने उद्या ६ किंवा ४० टक्के दाखवले, तर कुठेतरी चूक आहे हे लगेच कळतं.

एक्सआयआरआर नेमकं काय शोधतो

अ‍ॅपवर बारीक अक्षरात होता तो १३.३८ म्हणजे एक्सआयआरआर. तो काढताना प्रश्न असा मांडायचा: असा कुठला एकच वार्षिक दर आहे, की प्रत्येक रक्कम तिच्या तिच्या तारखेपासून त्या दराने वाढवली, तर आजची बेरीज बरोबर ५ लाख ६० हजार येते?

याला थेट सूत्र नाही, चाचपडतच जावं लागतं. पहिला अंदाज १० टक्के घेऊ. पाच वर्षांत पहिला लाख १,६१,०५१ होतो, तीन वर्षांत दुसरा १,३३,१०० आणि एका वर्षात शेवटचे दोन लाख २,२०,००० होतात. बेरीज ५,१४,१५१. कमी पडली, म्हणजे दर जास्त हवा. १५ टक्के घेतले तर बेरीज ५,८३,२२३ होते, आता जास्त झाली. १३ टक्क्यांना ५,५४,५३३. खरा दर तेराच्या किंचित वर आहे हे दिसू लागलं. असं पुढे मागे सरकत गेलं की १३.३८ वर काटा थांबतो: साधारण १,८७,४०० अधिक १,४५,८०० अधिक २,२६,७६०, बेरीज ५,५९,९६०. राहिलेले चाळीस रुपये गोळाबेरजेचे.

शीटमधलं XIRR हेच करतं, फक्त डोळ्याची पापणी लवायच्या आत. ते दिवस मोजतं आणि वर्ष कायम ३६५ दिवसांचं धरतं. २०२४ च्या २९ फेब्रुवारीमुळे पहिला लाख १,८२५ नव्हे तर १,८२६ दिवस फंडात होता. तो एक दिवससुद्धा ते सोडत नाही.

पैसे एकदाच गेले आणि एकदाच आले असतील, तर एक्सआयआरआर आणि सीएजीआर यांचं उत्तर जवळपास एकच येतं. त्यामुळे दोघांत भांडण नाही. सीएजीआर हा एक्सआयआरआरचाच एक सोपा प्रकार आहे, दोनच नोंदींचा.

शीट मांडू या

आधी व्यवहार गोळा करा, आणि आठवणीवर विसंबू नका. फंडांच्या नोंदी ठेवणाऱ्या कॅम्स किंवा केफिनटेकच्या संकेतस्थळावर नोंदवलेला ईमेल आणि पॅन देऊन सगळ्या फंडांचं एकत्रित स्टेटमेंट मागवता येतं. मागवताना संक्षिप्त नको, सविस्तर निवडा. सुरुवातीची तारीख पहिल्या गुंतवणुकीच्याही आधीची द्या, आणि शिल्लक शून्य असलेली खातीही त्यात येऊ द्या. पूर्ण मोडलेल्या फंडातला तोटा बहुतेक जण इथेच, नकळत, हिशेबाबाहेर टाकतात.

मग अ स्तंभात तारीख आणि ब स्तंभात रक्कम. (शीटवर ते A आणि B असे दिसतील.) खिशातून गेलेला पैसा वजा, खिशात आलेला पैसा अधिक. शेवटच्या ओळीत आजची तारीख आणि आजची किंमत, अधिक चिन्हाने, जणू आज सगळं मोडलं.

```
A2: =DATE(2020,6,10)    B2: -100000
A3: =DATE(2022,6,10)    B3: -100000
A4: =DATE(2024,6,10)    B4: -200000
A5: =DATE(2025,6,10)    B5: 560000

=XIRR(B2:B5,A2:A5)
```

उत्तराच्या चौकटीला टक्क्यांचं स्वरूप द्या, १३.३८ दिसेल. रक्कम आधी आणि तारीख नंतर, हा क्रम उलटा झाला तर उत्तर मिळणार नाही. सर्वांत जुनी तारीख पहिल्या ओळीत ठेवा.

रक्कम कुठली लिहायची यात लोक गोंधळतात. १ जुलै २०२० पासून म्युच्युअल फंडाच्या खरेदीवर ०.००५ टक्के मुद्रांक शुल्क लागतं, म्हणून लाख रुपये घातले तरी स्टेटमेंटमध्ये ९९,९९५ चे युनिट दिसतात. आपण पूर्ण लाख लिहायचे, कारण खिशातून लाख गेले. तसंच विकताना जे प्रत्यक्ष बँकेत जमा झालं तेच लिहायचं, एक्झिट लोड, म्हणजे लवकर विकल्याबद्दल फंड घेतो ते शुल्क, कापून झाल्यावरचं. नियम एकच, बँकेच्या पासबुकात दिसलं ते.

म्हणूनच पुन्हा गुंतवलेला लाभांश वेगळा लिहायचा नाही. तो बँकेत आलाच नाही, आजच्या किमतीत तो आहेच. बँकेत आलेला लाभांश मात्र त्याच्या तारखेला अधिक म्हणून लिहायचा. एका फंडातून दुसऱ्यात स्विच केलं असेल, तर सगळ्या गुंतवणुकीचा एकत्र हिशेब करताना ते सोडून द्या. एकट्या फंडाचा करत असाल तर तिथून गेलेली रक्कम ही आलेली धरा.

एक ओळ विसरली तर

वहिनींनी मध्ये काही काढलं नव्हतं. पण समजा, जून २०२३ मध्ये पुतण्याच्या कॉलेजच्या फीसाठी त्यांनी ८० हजार काढले असते. त्या युनिटची वाढ पुढे झाली नसती, म्हणून आजची किंमत साधारण ४ लाख ६० हजार राहिली असती. ते ८० हजार शीटमध्ये अधिक चिन्हाने लिहिले, तर एक्सआयआरआर १३.६ च्या आसपास येतो. विसरले, तर ५.६. एक ओळ गेली आणि बरा चाललेला फंड बँकेच्या ठेवीपेक्षा वाईट ठरला. माझ्या पाहण्यातली सर्वांत महाग चूक हीच आहे, आणि ती शीट ओरडून सांगत नाही. उत्तर अगदी शहाण्यासारखं दिसतं. म्हणून हिशेब झाल्यावर स्टेटमेंटमधली विक्रीची प्रत्येक नोंद शीटमध्ये आहे ना, हे बोट ठेवून पाहायचं.

दुसरी गुपचूप होणारी चूक तारखेची. शीटची भाषा अमेरिकेची असेल, तर 10/06/2024 ही तारीख ६ ऑक्टोबर समजली जाते. 25/07/2023 मध्ये पंचविसावा महिना नसतो, म्हणून ती तारीख न राहता नुसता मजकूर होते. ओळखायचं कसं? खरी तारीख चौकटीत उजवीकडे सरकते, मजकूर डावीकडे राहतो. बारापेक्षा मोठा दिवस असलेल्या नोंदी डावीकडे गेल्या असतील, तर बाकीच्या तारखांचे दिवस आणि महिने उलटले असं समजा. DATE वापरून लिहिलं की हा प्रश्नच उरत नाही.

ओरडणाऱ्या चुका सोप्या असतात. #NUM! आलं, तर बहुतेक वेळा सगळ्या रकमा एकाच चिन्हाच्या आहेत. निदान एक वजा आणि एक अधिक लागतेच. पहिल्या ओळीपेक्षा जुनी तारीख खाली राहिली असेल तरी हेच येतं. #VALUE! आलं, तर तारीख मजकूर झाली आहे.

आणखी एक विचित्र प्रकार एक्सेलमध्ये होतो. गुंतवणूक तोट्यात असताना उत्तर 0.00% येतं, आणि स्वरूप बदलून पाहिलं तर 2.98E-09 असा आकडा दिसतो. तो शून्य परतावा नव्हे. सूत्राला चाचपडताना उत्तर सापडलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. एक्सेल आपण काही सांगितलं नाही तर १० टक्क्यांपासून शोध सुरू करतं. तोटा असेल तर त्याला उणे बाजूने सुरुवात करायला सांगा:

```
=XIRR(B2:B5,A2:A5,-0.1)
```

एसआयपीचं काय

एसआयपी म्हणजे दर महिन्याची वेगळी तारीख, त्यामुळे तिथे एक्सआयआरआरशिवाय गत्यंतर नाही. दर महिन्याला १० हजार, असे बारा हप्ते भरले आणि शेवटच्या हप्त्यानंतर महिन्याने किंमत १,२७,२०० झाली. निव्वळ परतावा ६ टक्के. "वर्षभरात सहाच टक्के?" असं म्हणून एसआयपी बंद करणारे मी पाहिले आहेत. पण पहिला हप्ता बारा महिने होता आणि शेवटचा एकच. सरासरी साडेसहा महिने. एक्सआयआरआर सव्वाअकरा टक्क्यांच्या जवळ येतो.

मात्र कालावधी फार कमी असेल, तर एक्सआयआरआर उलट दिशेने खेळ करतो. दोन महिन्यांपूर्वी घातलेले पैसे ४ टक्के वाढले, तर तो वर्षाचे साडेसव्वीस टक्के दाखवेल, जणू पुढचे दहा महिनेही असेच जाणार आहेत. वर्ष भरलेलं नसेल तर निव्वळ परतावाच सांगावा. म्युच्युअल फंडांतही एका वर्षाखालचा परतावा साधारणपणे तसाच सांगतात.

फंडाचे सोळा, वहिनींचे तेरा

हिशेब जुळल्यावर पुतण्याने हुशारीचा प्रश्न काढला. "काका, फंडाच्या पानावर पाच वर्षांचे सोळा टक्के लिहिलेत. मग आईला तेराच का?"

स्टेटमेंटमधून तिन्ही खरेद्यांची आजची किंमत वेगळी काढली. २०२० चा लाख २ लाख १० हजार झाला होता, म्हणजे वर्षाला १६ टक्के; फंड जे लिहितो तेच. २०२२ चा लाख १ लाख ४४ हजार, वर्षाला १२.९ टक्के. आणि २०२४ चे २ लाख झाले होते २ लाख ६ हजार. अवघे ३ टक्के. फंडाचा सीएजीआर सांगतो, की पहिल्या दिवशी घातलेल्या रुपयाचं काय झालं. वहिनींचा निम्मा पैसा सर्वांत मंद वर्षाच्या तोंडावर आत गेला, आणि एक्सआयआरआरने त्याची दखल घेतली. फंड कसा चालला हे पाहायचं तर सोळा बघा. वहिनींच्या पैशाचं काय झालं हे पाहायचं तर १३.३८. फंड बदलायचा की नाही हे ठरवताना दोन्ही लागतात, कारण चुकीच्या वेळी पैसे घालण्याचा दोष फंडाच्या माथी मारण्यात अर्थ नाही.

बँकेशी तुलना करायची, तर तीही त्याच तारखांनी. त्याच तीन रकमा त्याच दिवशी ७ टक्के चक्रवाढीच्या ठेवीत टाकल्या असत्या, तर १० जून २०२५ ला ४ लाख ७६ हजार ७६० झाले असते. फंडात ५ लाख ६० हजार आहेत. फरक ८३ हजारांचा, तोही जोखीम घेऊन आणि कर वजा न करता. शेअर बाजारातल्या फंडाची ठेवीशी बरोबरी लावताना हे दोन शब्द वगळायचे नाहीत.

वहिनींनी शीटच्या शेवटच्या ओळीत तारखेच्या जागी =TODAY() टाकून घेतलं. किंमत मात्र हाताने भरावी लागेल, हे दोनदा विचारून पक्कं केलं. पुतण्याला त्यांनी काम लावलं आहे: त्यांच्या दोन जुन्या, बंद केलेल्या फंडांच्या नोंदी शोधून त्याच शीटमध्ये घालायच्या. तिथे तोटा झाला होता, आणि खरा एकत्रित आकडा १३.३८ च्या खाली येणार हे त्यांनाही ठाऊक आहे.